विटाळ फिटला, अशुभ राहिले

धर्माच्या मानवशास्त्रावर विद्यार्थी जे निबंध लिहितात, त्यांत बायकांवरचे धार्मिक निर्बंध हा विषय दरवर्षी असतो आणि मांडणी बहुधा ठरलेली असते. आधी मेरी डग्लस, मग लुई द्युमाँ या मानवशास्त्रज्ञांचे सिद्धान्त, त्यानंतर पाळी, बाळंतपण, सुतक, वैधव्य अशी नियमांची रांग, आणि शेवटी निष्कर्ष असा की बाईचे शरीर अशुद्ध मानले जाते म्हणून तिला देवाधर्मापासून लांब ठेवतात. वडोदऱ्यात समाजशास्त्र शिकवताना असे निबंध मी सतत वाचते. त्यांतले क्षेत्रकार्य पुष्कळदा उत्तम असते. दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत जाऊन मुली तिथल्या आज्यांशी तासन्‌तास बोललेल्या असतात. पण ऐकलेले सगळे एकाच खणात कोंबले जाते. त्या रांगेतला वैधव्याचा नियम त्या खणात बसतच नाही, असे माझे म्हणणे आहे. आणि हा काही परीक्षेतल्या गुणांपुरता प्रश्न नाही. सुधारणेची चळवळ, न्यायालय आणि सरकार यांच्याही विचारात हीच सरमिसळ दिसते, आणि तिची किंमत विधवा बायका मोजतात.

आधी सिद्धान्ताला त्याचे श्रेय देऊ. डग्लसबाईंनी 1966 मध्ये सांगितले की घाण ही वस्तूच्या अंगी नसते. वस्तू आपली जागा सोडून भलतीकडे गेली की ती घाण ठरते. चपला दारात घाण नाहीत, जेवणाच्या टेबलावर ठेवल्या की घाण. शरीराच्या सीमा ओलांडून बाहेर येणारे रक्त, थुंकी, कापलेले केस, नखे यांची धास्ती म्हणूनच वाटते, कारण ती धड आतली राहिलेली नसतात आणि धड बाहेरचीही झालेली नसतात. त्याच साली द्युमाँनी शुद्ध आणि अशुद्ध यांच्या विरोधावर सगळी जातिव्यवस्था उभी असल्याचे मांडले. आपल्याकडचे सोवळे या चौकटीतून फार चांगले उलगडते. सोवळ्याचे लुगडे धुऊन उंच दांडीवर काठीने वाळत घालायचे आणि काठीनेच काढायचे, कारण मधे कोणाचा हात लागला की सोवळे मोडले. मुकटा रेशमी असेल किंवा धाबळी लोकरीची असेल तर इतके जपावे लागत नाही, सुती कापड मात्र लगेच विटाळते. कोरड्या तांदळाला स्पर्शाचे फारसे काही नाही, पण तोच तांदूळ पाण्यात शिजून भात झाला की तो नाजूक होतो. इथे सगळा हिशोब स्पर्शाचा, ओल्याकोरड्याचा आणि वाहून नेण्याचा आहे. पाळीचा विटाळ याच हिशोबात येतो. तो शिवण्याने लागतो, कपड्यातून पसरतो आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतले की फिटतो.

आता गौरींच्या सणाचे घर पाहू. ज्येष्ठा गौरींचे आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठावर, विसर्जन मूळ नक्षत्रावर. दिवस नक्षत्रांनी ठरतात, कोणाच्या सोयीने पुढेमागे होत नाहीत. घरात सासूबाई आहेत, विधवा. थोरली सून सवाष्ण आहे आणि आवाहनाच्या दिवशी सकाळीच तिची पाळी आली आहे. जुन्या शिस्तीच्या घरात पुढे काय होते ते नीट बघण्यासारखे आहे. सून देवघरात जात नाही, स्वयंपाकाला हात लावत नाही. मग दुसऱ्या दिवशीचा सगळा नैवेद्य कोण करते? सासूबाई करतात. पहाटे न्हाऊन, सोवळे नेसून, पुरण, सोळा भाज्या, चटण्या-कोशिंबिरी सगळे त्यांच्या हातचे असते, आणि ते देवीला चालते. त्यांच्या हाताला विटाळ नाही. उलट घरात त्या दिवशी सर्वांत शुद्ध हात त्यांचा आहे. पण आदल्या दिवशी संध्याकाळी गौर आत आणायची वेळ येते, दारापासून कुंकवाची पावले उमटवत, गौर कशाच्या पावलांनी आली, सोन्यारुप्याच्या पावलांनी आली असे म्हणत, तेव्हा त्या स्वयंपाकघरातून बाहेर येत नाहीत. ते काम धाकट्या सुनेचे. ती नसेल तर शेजारच्या वहिनींना बोलावतात. पूजनाच्या दिवशी सवाष्णी जेवायला बसतात, त्यांची ओटी भरली जाते. ज्यांनी ते जेवण रांधले त्यांची ओटी कोणी भरत नाही.

म्हणजे एकाच घरात, एकाच सणाला दोन बायका बाजूला ठेवल्या आहेत. पण ज्या कामाला सून चालत नाही त्याला सासू चालते, आणि ज्या कामाला सासू चालत नाही ते पुढच्या भाद्रपदात सुनेच्याच हातून होणार आहे. दोघींना एकाच ‘अशुद्धी’ने मोजले तर हे कोडे सुटत नाही. इथे मोजमापे दोन आहेत. एक शुद्ध-अशुद्धाचे आणि दुसरे शुभ-अशुभाचे. पाळी आलेली सून अशुद्ध आहे पण शुभच आहे. विधवा सासू शुद्ध आहे पण तिला अशुभ ठरवले आहे.

हा भेद नवा नाही आणि मी तर तो शोधलेला नाहीच. 1980 च्या दशकात दक्षिण आशियाच्या अभ्यासकांमध्ये यावर भरपूर वाद झाला. फ्रेडरिक मार्ग्लिन यांनी पुरीच्या देवदासींवर केलेल्या कामातून दाखवले की त्या कधीच विधवा होत नसल्याने परममंगल मानल्या जात, आणि तरीही अशुद्धतेमुळे जगन्नाथाच्या गाभाऱ्यात त्यांना प्रवेश नव्हता. आम्हा बडोदेकरांना तर हा धागा त्याहून जवळचा आहे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास 1951 मध्ये इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा कूर्गमधल्या धर्माविषयीचा ग्रंथ निघाला. कोडव लोकांचे मडी आणि पोले हे शुद्धाशुद्धाचे शब्द त्यात आहेत, आणि लग्नासारख्या प्रसंगांच्या ‘मंगल’ विधीचे वर्णन वेगळे आहे. ज्या गावात हा विषय इतक्या लवकर शिकवला गेला, तिथल्या निबंधांत हा भेद पुसला जावा याचे मला वाईट वाटते.

एखादा नियम कोणत्या मापाचा आहे हे ओळखायला मी मुलींना तीन गोष्टी तपासायला सांगते. तो दोष स्पर्शाने दुसऱ्याला लागतो का? काळ गेल्यावर किंवा पाण्याने तो फिटतो का? आणि त्याने अडते काय, देवाची वस्तू की एखाद्या गोष्टीची सुरुवात? पाळीला पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे होय अशी येतात, आणि अडते ते देवघर, सोवळे, लोणच्याची बरणी. वैधव्याला दोन्ही उत्तरे नाही अशी. विधवेच्या हाताने कोणी विटाळत नाही, तिने नातवाला मांडीवर घेतले तर त्याला आंघोळ घालत नाहीत. पण तिचा दोष दहाव्या दिवशी, वर्षाने, किती तीर्थांत बुडी मारली तरी जात नाही. आणि तिच्यामुळे अडतात त्या सुरुवाती. लग्न, डोहाळजेवण, गृहप्रवेश, कोणी कामाला निघताना तिचे समोरून येणे. हात लागण्याची कोणाला भीती नाही, तिच्या नुसत्या असण्याची आहे.

ही दोन मापे खरोखर स्वतंत्र आहेत याचा सर्वांत पक्का पुरावा आज जवळजवळ विसरला गेला आहे. मुलीला न्हाण आले की जुन्या घरांत तिला वेगळे बसवत, तिला कोणी शिवत नसे. आणि त्याच दिवसांत तिच्यासाठी मखर सजवत, नातेवाइकांकडून गोडाची ताटे येत, बायका गाणी म्हणत. तेच रक्त, तेच दिवस, तीच मुलगी. ती विटाळशीही होती आणि घराच्या आनंदाचे कारणही. बाळंतपणाचे तसेच आहे. सुयेर आले म्हणून घरची पूजा दहा दिवस बंद, आणि शेजारी पेढे वाटायला पळापळ. अशुद्धी म्हणजे अमंगळ, असे समीकरण असते तर हे दोन्ही प्रसंग घडलेच नसते.

परंपरेने या दोन दोषांवर उपायही वेगवेगळे दिले आहेत. पाळीच्या काळात नकळत शिवाशीव झाली असेल तर त्या दोषासाठी ऋषिपंचमी आहे. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आघाड्याच्या काड्यांनी दात घासायचे, बैलाच्या कष्टाचे धान्य खायचे नाही, ऋषीची भाजी खायची, की वर्षाची चूक धुतली गेली. वैधव्यासाठी असे दुरुस्तीचे व्रत नाही. वटपौर्णिमा, हरितालिका, मंगळागौर ही सगळी सौभाग्यासाठी आहेत, म्हणजे ते होऊ नये यासाठी. आणि झाले की त्या व्रतांचा अर्थच बाईवर उलटतो, हिच्या पुण्याईत काही कमी पडले असा. विटाळात बाईवर ठपका नसतो, तो सगळ्यांना येतो आणि जातो. अशुभात ठपका असतो. म्हणूनच त्याची जखम खोल आहे.

गेल्या दोन पिढ्यांत आमच्या शहरातल्या मराठी घरांत काय बदलले ते आता या दोन मापांनी पाहिले की चित्र स्पष्ट होते. बाहेर बसणे जवळजवळ संपले. वाडे जाऊन फ्लॅट आले, दोन खोल्यांत वेगळी बसायची जागा नाही, घरात दुसरी बाई नाही, आणि सकाळी साडेनऊला सुनेला नोकरीवर जायचे आहे. स्वयंपाक चार दिवस बंद ठेवणे परवडत नाही, म्हणून नियम देवघरापुरता आक्रसला. जिथे तो अजून कडक आहे तिथे गौरी-गणपतीच्या आधी औषधाच्या दुकानातून पाळी लांबवण्याच्या गोळ्या आणल्या जातात. त्या डॉक्टरला न विचारता घेऊ नयेत, रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असलेल्या बाईला त्या धोक्याच्या आहेत. पण गोळीने काम भागते हेच या नियमाचे स्वरूप सांगते. तो काळाचा नियम आहे, काळ सरकवला की पाळता येतो. वैधव्याच्या नियमाला असा कोणताच रेटा बसला नाही. हळदीकुंकवाला एका काकूंना बोलावले नाही म्हणून कोणाचा स्वयंपाक अडत नाही, कोणाची नोकरी बुडत नाही. तो पाळायला घरातल्या इतरांना काही खर्च येत नाही. सारा खर्च एकटी ती बाई सोसते, म्हणून तो टिकला.

आणि आपण मात्र पहिल्या बदलाकडे बोट दाखवून म्हणतो, आमच्याकडे आता काही पाळत नाहीत. हे वाक्य मी चांगल्या, शिकलेल्या, मनाने मोठ्या बायकांच्या तोंडून ऐकले आहे. त्याच संक्रांतीला त्यांच्या घरच्या हळदीकुंकवात मागच्या खोलीत त्यांच्या नणंदबाई तिळगुळाच्या वड्या कापत होत्या.

कायद्याचेही तेच. शबरीमलाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 28 सप्टेंबर 2018 रोजी चार विरुद्ध एक मताने 10 ते 50 वयाच्या स्त्रियांवरची बंदी रद्द केली. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात पाळीवरून दूर ठेवणे ही अस्पृश्यताच आहे आणि ती राज्यघटनेच्या सतराव्या कलमात येते, असे मांडले. मंदिराच्या बाजूने सांगितलेले मुख्य कारण विटाळाचे नव्हते, तिथला अय्यप्पा नैष्ठिक ब्रह्मचारी आहे हे होते. पुढे 2019 मध्ये पुनर्विचाराच्या अर्जांवरून मूळ प्रश्न मोठ्या पीठाकडे गेले. या निकालाच्या बाजूने मी आहे. पण त्यातली एक गोष्ट कोणी फारशी बोलत नाही. पन्नाशी उलटलेल्या विधवेला ही बंदी कधीच नव्हती. जिच्या समोरून येण्याने घरच्या लग्नाला अपशकुन होतो, ती डोंगर चढून देवासमोर उभी राहू शकत होती. अस्पृश्यतेच्या कलमाला स्पर्श कळतो. जिला सगळे शिवतात, जिच्या हातचे जेवतात आणि तरीही जिला बोहल्यापासून दूर ठेवतात, तिच्यासाठी त्या कलमात पकड नाही.

दुसऱ्या मापावर नेमके बोट ठेवणारा एक ठराव मला माहीत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठरवले की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचे नाही. महाराष्ट्र सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. ठराव मोलाचा आहे. विधवेला धार्मिक आणि सामाजिक कार्यांत घेत नाहीत याचाही त्यात उल्लेख आहे, पण नेमकी नावे घेऊन बंद केल्या त्या प्रथा अंत्यसंस्काराच्या वेळच्या आहेत. पुढची वीस-तीस वर्षे दुसऱ्यांच्या शुभकार्यांत तिची जागा कुठे, हे नुसत्या ठरावाने ठरत नाही.

उलट दुसरीकडे सरकारे विधवेला जे द्यायला निघतात ते तिच्यापाशी आधीच आहे. लग्नपत्रिकेत आपल्याकडे गं. भा. लिहीत, गुजराती पत्रिकेत अजून गं. स्व. असते. गुजरात सरकारने 2019 मध्ये विधवांच्या आर्थिक साहाय्याच्या योजनेला गंगास्वरूपा हे नाव दिले. 2023 मध्ये महाराष्ट्रातही विधवांसाठी गंगा भागीरथी असा उल्लेख करण्याचा प्रस्ताव आला आणि त्याला विरोध झाला. विरोध योग्यच होता. गंगेची पवित्रता तिला कोणी नाकारलेलीच नाही. केशवपनाच्या काळात तिला सर्वांत कडक सोवळ्यात ठेवले गेले, एकवेळ जेवण, पांढरे किंवा तांबडे लुगडे, दिवसभर जपजाप्य. तिच्यावर शुद्धता लादली, आणि सौभाग्याची प्रत्येक खूण काढून घेतली. तिला आणखी पवित्र म्हणणे हा सन्मान नाही, जुन्या व्यवहाराचेच ते गोड नाव आहे.

विधवाविवाहाचा कायदाही या बाबतीत अपुरा पडतो, आणि हे मी बडोदे संस्थानाच्या सुधारणांचा पूर्ण आदर ठेवून म्हणते. सयाजीराव महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो संस्थानात आणला, तेव्हा ते मोठे धाडस होते. पण पुनर्विवाह झालेली बाई पुन्हा सवाष्ण होते, म्हणजे ती एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जाते. रांगा तशाच राहतात. ज्या बाईला पुन्हा लग्न करायचे नाही, जी पासष्ट वर्षांची आहे, तिच्यासाठी त्या कायद्याने काही हलले नाही.

एक मर्यादा सांगायला हवी. मी वर्णन केले ते मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांचे वळण उचललेल्या घरांचे आहे. शेतात राबणाऱ्या, पाट लावण्याची रीत असलेल्या जातींत विधवेचे आयुष्य असे बंदिस्त नव्हते, आणि निबंधात एका जातीचे घर ‘हिंदू स्त्री’ म्हणून मांडले की तोही दोषच. मात्र शहरात आल्यावर, चार पैसे हाती आल्यावर हेच वळण उचलले जाते, हेही मी आजूबाजूला पाहते.

यावर एक उत्तर असे मिळते की सगळ्यांना आमंत्रण दिले की झाले. अनेक मंडळांच्या हळदीकुंकवाच्या निरोपात आता ‘सर्व महिलांना’ असे लिहिलेले असते. चांगली सुरुवात आहे, पण बहुतेक विधवा येत नाहीत. मी विचारले तर एक आजी म्हणाल्या, “अगं, मी गेले आणि उद्या त्या पोरीच्या घरी काही बरेवाईट झाले, तर बोल मलाच लागायचा.” त्यांची भीती खोटी नाही, कारण अशुभाच्या नियमात दोष शोधला जातो तो मागाहून. म्हणून नुसत्या आमंत्रणाने भागत नाही. घरच्या कर्त्या बाईने तिला एखादे काम द्यावे लागते, सर्वांसमोर, आणि त्याची जबाबदारी आपल्या अंगावर घ्यावी लागते. घाणा भरताना मुसळाला तिचा हात, मुंजीत मुलाचे औक्षण तिने करायचे, गौर तिने आत आणायची.

आणि कन्यादान. नवरा गेल्यावर जिने एकटीने शिकवण्या घेऊन, शिवणकाम करून मुलगी वाढवली, ती लग्नात मागच्या खुर्चीवर बसते आणि दीर-जाऊ बोहल्याजवळ बसून कन्यादान करतात, हे या शहरात आजही घडते. शास्त्र आडवे येते म्हणून नाही. कन्या देण्याचा अधिकार कोणाकोणाला, याची जी यादी याज्ञवल्क्य स्मृतीत आहे, तिच्यात पिता, आजोबा, भाऊ आणि सकुल्य म्हणजे कुळातला नातेवाईक यांच्यानंतर आई स्पष्ट सांगितली आहे. ती सवाष्ण असावी अशी अट त्या श्लोकात नाही. पुष्कळ गुरुजी हे जाणतात, आणि यजमानांनी विचारले तर आईला बसवायला तयार होतात. विचारले जात नाही, कारण हा प्रश्न गुरुजींपाशी जाण्याआधीच घरातल्या बायकांनी आपसांत मिटवून टाकलेला असतो, आणि बहुतेक वेळा त्या आईनेच, कोणी काही म्हणायच्या आत, मी नको म्हणून सांगितलेले असते. मुहूर्त धरून गुरुजींकडे याद्या करायला जाल, तेव्हा कन्यादानाला कोण बसणार या रकान्यात मुलीनेच आईचे नाव सांगावे. आई नको म्हणेल. मुलीने तरी ते लिहून घ्यायला लावावे.